आठ तासांचं पाणी, दोन तासांचा व्हॉल्व्ह

गावात नवी नळपाणी योजना मंजूर होते तेव्हा चर्चा कशाची होते? टाकी कुणाच्या जागेत बसणार, ठेकेदार कोण, खोदलेला रस्ता पुन्हा कधी नीट होणार. अंदाजपत्रकाच्या जाडजूड फायलीत मात्र एक-दोन पानं अशी असतात की जी ग्रामसभेत कुणी उघडूनही पाहत नाही. वितरण व्यवस्थेचं जे गणित संगणकावर मांडलेलं असतं त्याचा तो सारांश असतो. माणशी किती पाणी धरलं, शेवटच्या नळाशी किती दाब उरेल आणि पंप कोणता लागेल, या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. योजना सुरू झाल्यावर गावठाणात हंडे भरून वाहतात आणि वस्तीवरच्या नळातून नुसती हवा येते, तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा याच पानांत सापडतं.

हे पान कसं वाचायचं ते एका उदाहरणानं पाहू. गाव कल्पनेतलं आहे, पण त्याचे आकडे देशावरच्या कुठल्याही मध्यम गावाला शोभतील असे आहेत. आज वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास आहे. पाइप तीस वर्षं टिकतील असं धरायचं असतं, म्हणून लोकसंख्याही तीस वर्षांनंतरची धरतात. ती आपण ५,००० मानू. जल जीवन मिशनचं प्रमाण आहे माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे नळांतून रोज २ लाख ७५ हजार लिटर पाणी बाहेर पडायला हवं. वाटेत गळती होणार, ती १५ टक्के धरायची पद्धत आहे. टाकीतून १०० लिटर सोडले तर ८५ पोचतात असा याचा अर्थ. म्हणून २ लाख ७५ हजारांना ०.८५ नं भागायचं. शाळा-दवाखान्याचं किरकोळ पाणी मिळवून टाकीतून रोज सुमारे सव्वातीन लाख लिटर निघालं पाहिजे, असा आकडा येतो.

इथवर कुणाचीच गफलत होत नाही. पुढची ओळ महत्त्वाची आहे. सव्वातीन लाख लिटर चोवीस तासांत सारखं वाटलं तर सेकंदाला पावणेचार लिटरचा प्रवाह होतो. पण लोक मध्यरात्री पाणी भरत नाहीत. सकाळी सहा ते आठ सगळ्या घरांचे नळ एकदम सुरू असतात. त्या गर्दीसाठी सरासरीला एका गुणकानं गुणतात. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेनं पन्नास हजारांखालच्या गावांसाठी हा गुणक ३ सांगितला आहे. आपल्या गावात गर्दीच्या वेळचा प्रवाह झाला सेकंदाला ११.३ लिटर. सगळ्या पाइपांचे व्यास या एका आकड्यावर ठरतात.

आता या ३ च्या पोटात काय दडलंय ते पाहा. पाइपातून सरासरीच्या तिप्पट प्रवाह सतत वाहिला, तर दिवसाचं सगळं पाणी चोवीसच्या एक तृतीयांश वेळात, म्हणजे आठ तासांत वाटून होतं. याचाच दुसरा अर्थ असा की या पाइपांना दिवसाचं पाणी पोचवायला किमान आठ तास लागतात. सारांशात हे वाक्य कुठंच लिहिलेलं नसतं. आणि गावात व्हॉल्व्ह उघडतो रोज दोन तास.

त्या दोन तासांचं पुढं काय होतं हे समजायला आधी दाबाचं पान पाहावं लागेल.

दाब मीटरमध्ये मोजतात, कारण तो पाण्याच्या उंचीनंच कळतो. नळाच्या जागी उभी पारदर्शक नळी जोडली तर तिच्यात पाणी जितके मीटर चढेल, तितका तिथला शिल्लक दाब. दहा मीटर म्हणजे गेजवर जवळपास एक किलो. एकमजली घरांच्या भागात निदान ७ मीटर, दुमजली असतील तर १२ आणि तिमजली असतील तर १७ मीटर दाब उरला पाहिजे, असा जुना, रुळलेला दंडक आहे. ७ मीटर कशाला, घर तर तीन-साडेतीन मीटर उंच असतं, असं कुणी विचारेल. हा दाब रस्त्यातल्या मुख्य पाइपापाशी मोजलेला असतो. तिथून घरापर्यंतची बारीक जोडणी, फेरूल, मीटर आणि कॉक यांतून जाताना त्यातला बराचसा खर्च होतो.

आपल्या गावाची उंच टाकी समुद्रसपाटीपासून ६१२ मीटर उंचीच्या जागेवर आहे. तिचे खांब १२ मीटरचे. टाकी जवळजवळ रिकामी असताना पाण्याची पातळी ६२४ मीटर. गणित नेहमी याच पातळीपासून करायचं, भरलेल्या टाकीपासून नाही, कारण पहाटे भरलेली टाकी सकाळच्या गर्दीतच उतरत जाते. टाकीपासून चावडीपर्यंत ४०० मीटरचा पाइप आहे, त्यातून पूर्ण ११.३ लिटर जातात. चावडीशी गावठाणातल्या गल्ल्या निम्म्याहून जास्त पाणी घेतात. उरलेले ५ लिटर पुढं ६०० मीटरवर शाळेपर्यंत जातात. शाळेच्या आसपासची घरं भागवून दीड लिटर आणखी ८५० मीटर लांबच्या वस्तीला जातं. तिथं साडेसहाशे-सातशे माणसं राहतात.

पाणी वाहतं तेव्हा पाइपाच्या भिंतीशी घर्षण होतं आणि दाब कमी होत जातो. हे नुकसान मोजायला आपल्याकडं हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात. संगणकावर एपानेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं ते १९९३ साली पहिल्यांदा दिलं. मुंबईच्या आयआयटीनं फांद्यांसारख्या पसरलेल्या साध्या जाळ्यांसाठी स्वस्तात बसतील असे व्यास शोधून देणारं जलतंत्र तयार केलं आहे. पण आपल्या तीन टप्प्यांचं गणित कॅल्क्युलेटरवरही होतं.

पहिल्या टप्प्यात १४० मिलिमीटरचा, म्हणजे आतून १२९ मिलिमीटरचा एचडीपीई पाइप घातला, तर २.४ मीटर दाब खर्च होतो. दुसऱ्या टप्प्यात ११० चा पाइप, २.६ मीटर. तिसऱ्यात ७५ चा, तिथंही सुमारे २.६ मीटर. सगळा मिळून ७.६ मीटर. वस्तीची जमीन ६०८ मीटरवर आहे. ६२४ मधून ७.६ गेले आणि ६०८ गेले, म्हणजे वस्तीवर ८.४ मीटर दाब उरला. सातच्या वर आहे, काम झालं असं वाटतं.

पण शाळा उंचवट्यावर आहे. तिची जमीन ६१३ मीटर. तिथपर्यंत दोनच टप्प्यांचं, ५ मीटरचं नुकसान झालंय, तरी शिल्लक दाब फक्त ६ मीटर येतो. सगळ्यात लांबचा नळ पास आणि वाटेतला नळ नापास! सारांशात 'शेवटच्या टोकाशी दाब पुरेसा' असं लिहिलेलं असतं तेव्हा शेवटचं टोक म्हणजे कोणतं हे विचारायला हवं. अडचणीचं ठिकाण लांबी आणि उंची दोन्ही मिळून ठरतं, आणि बऱ्याच गावांत ते शेवटी नसून देवळाजवळच्या नाहीतर शाळेजवळच्या टेकाडावर असतं. त्यासाठी प्रत्येक चौकाची उंची लेव्हल मशिननं घेतलेली लागते. उपग्रहाच्या नकाशावरून काढलेली उंची दोन-चार मीटरनं सहज चुकू शकते, आणि इथं तर एका मीटरवरच सगळं अडलंय.

इलाज काय? टाकीचे खांब दीड मीटरनं वाढवता येतील, पण तो खर्च मोठा. पाइपाचा व्यास वाढवणं सोपं. मात्र कुठला पाइप? शाळेजवळचा नाही. सगळं पाणी ज्यातून जातं त्या पहिल्या ४०० मीटरमध्ये १४० ऐवजी १६० चा पाइप घातला की तिथलं नुकसान २.४ वरून सव्वा मीटरवर येतं. व्यास जेमतेम चौदा टक्के वाढला, नुकसान निम्म्याजवळ आलं. घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताशी बांधलेलं आहे, त्याची ही किमया. आता शाळेशी ७.२ मीटर आणि वस्तीशी साडेनऊ मीटर. आराखडा पास झाला.

आणि आता व्हॉल्व्ह दोन तासच उघडतो.

लोकांना पाणी तेवढंच हवंय, रोजचं सव्वातीन लाख लिटर. ते दोन तासांत काढायचं तर सेकंदाला ४५ लिटर वाहायला हवेत, म्हणजे आराखड्याच्या चौपट. प्रवाह चौपट झाला की घर्षणाचं नुकसान चौपट होत नाही, तेरापट होतं. वस्तीपर्यंत आपण साडेसहा मीटर खर्च केले होते, त्याचे चौऱ्याऐंशी होतात. टाकीच्या पाण्यापासून वस्तीपर्यंतची उंची आहे सोळा मीटर. एपानेटला हे गणित घातलं तर तो उत्तर देतो आणि खाली इशारा छापतो: `WARNING: Negative pressures at 0:00:00 hrs`. उणे दाब म्हणजे एवढं पाणी त्या जागी पोचूच शकत नाही. जुन्या पद्धतीच्या गणितात नळ ठरलेलं पाणी ओढणारच असं धरलेलं असतं, म्हणून असा अशक्य आकडा येतो. २०२० च्या आवृत्तीपासून दाब जितका तितकंच पाणी, असं गणितही एपानेटला करता येतं.

प्रत्यक्षात काय होतं ते गावात दिसतंच. टाकीजवळच्या घरांचे नळ आधी सुरू होतात आणि तिथं दाब असल्यानं ते सणसणीत चालतात. चावडीच्या पुढं पाइपात दाब उरत नाही. उंचवट्यावर पाणी थेंबथेंब येतं, मग कुणीतरी नळाला टुल्लू पंप लावतं, आणि त्याच्या पुढच्या घरात तेही बंद होतं. वस्तीपर्यंतचा रिकामा पाइप भरायलाच पाणी बंद व्हायची वेळ येते. मग वस्तीचे लोक पंचायतीत येतात, पाइप बारीक घातला म्हणून भांडण होतं. आराखड्याप्रमाणं पाइप बरोबरच आहे, फक्त आठ तासांच्या हिशोबाचा आहे.

यावर गावात एक उपाय निघतोच. पाळ्या लावायच्या. आज इकडची गल्ली, उद्या तिकडची, किंवा दोन-दोन तासांच्या चार पाळ्या. मुख्य पाइपासाठी हे चालतं, कारण चार पाळ्यांचे आठ तास होतात. वस्तीसाठी मात्र हा उपाय घातक आहे. वस्तीचं दिवसाचं पाणी सुमारे ४३ हजार लिटर. ते तिच्या दोन तासांच्या पाळीत जायला सेकंदाला ६ लिटर लागतील, तिथला ७५ चा पाइप तर दीड लिटरसाठी घातलेला. त्या एका टप्प्यात तेहतीस मीटर दाब जाईल, तो आणायचा कुठून? म्हणून लांबच्या, बारीक पाइपाच्या वस्तीचा व्हॉल्व्ह पाळीत घालायचा नसतो. तो आठही तास उघडा ठेवायचा आणि पाळी लावायचीच तर गावठाणातल्या गल्ल्यांची लावायची. पाणी सोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगितलं तर एकही पाइप न बदलता वस्तीला पाणी मिळू शकतं. माझ्या मते सारांशाच्या पानावर व्हॉल्व्हचं हे वेळापत्रक छापलेलं असायलाच हवं.

आठ तास पाणी सोडलं तर टाकी रिकामी होईल, ही भीती खरी आहे. टाकी बहुधा अर्ध्या दिवसाच्या पाण्याची बांधतात, आपल्या गावात ती १ लाख ६० हजार लिटरची असेल. म्हणून सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास, मधे टाकी पुन्हा भरायची. ती भरणार पंप. तेव्हा तिसऱ्या गोष्टीकडं, पंपाकडं वळू, कारण तिथंही सगळं तासांवरच येऊन थांबतं.

पंप आणि मोटर पंधरा वर्षांसाठी धरतात, पाइपासारखी तीस नाही. पंधरा वर्षांनी गावची वस्ती ४,००० मानली तर रोज २ लाख ६० हजार लिटर विहिरीतून टाकीत चढवायचे. वीज भरवशाची किती तास मिळते हे तालुक्याच्या उपकेंद्रात विचारून घ्यायचं. आठ तास धरले तर ताशी साडेबत्तीस हजार लिटर, सेकंदाला ९ लिटर. विहिरीतलं पाणी उन्हाळ्यात ५८५ मीटरपर्यंत उतरतं. टाकीच्या माथ्यावर पाइप ६२७.५ मीटरला पाणी सोडतो. नुसती उंची झाली ४२.५ मीटर. विहिरीपासून टाकीपर्यंतच्या १,६०० मीटर ऊर्ध्ववाहिनीत घर्षण आणि वळणं-व्हॉल्व्ह मिळून पावणेनऊ मीटर. वर थोडी सवलत ठेवून पंपाचं हेड झालं ५४ मीटर. पंप ६० टक्के कार्यक्षम धरला आणि थोडी राखीव ताकद ठेवली की मोटर येते साडेबारा हॉर्सपॉवरची.

आता कुणी म्हणालं, वीज चारच तास टिकते, पंप दुप्पट डिस्चार्जचा घ्या. प्रवाह दुप्पट झाला की त्याच पाइपातलं घर्षण साडेतीनपटीहून वाढतं. पावणेनऊ मीटरचे एकतीस होतात, हेड ५४ वरून ७६ वर जातं आणि मोटर तीस-पस्तीस हॉर्सपॉवरची लागते. पाणी तेवढंच चढतं, पण रोजची वीज साधारण ७२ युनिटांवरून शंभराच्या वर जाते, आणि फरकाचं बिल वर्षानुवर्षं पंचायत भरते. उलट, पंधरा वर्षांनी गाव वाढून सव्वातीन लाख लिटर लागले तर हाच साडेबारा हॉर्सपॉवरचा पंप आठऐवजी दहा तास चालवला की भागतं.

पंप निवडताना हॉर्सपॉवर शेवटी बघायची. आधी कंपनीच्या तक्त्यावरचा वक्र पाहायचा. किती मीटर हेडला किती पाणी देतो हे त्यावर असतं. त्यावर ५४ मीटर आणि ताशी साडेबत्तीस हजार लिटर हा बिंदू जिथं पडतो, तिथं कार्यक्षमता सर्वांत वरच्या टप्प्यात हवी. आणि पावसाळ्यात विहीर आठ मीटरनं भरली की हेड खाली येतं आणि पंप जास्त पाणी फेकू लागतो, तेव्हाही तो त्या चांगल्या टप्प्यातच राहिला पाहिजे. दुकानात मिळतो म्हणून, किंवा जास्त हेड म्हणजे जास्त दम म्हणून १०० मीटर हेडचा पंप बसवला की तो ५४ मीटरच्या कामावर ठरल्यापेक्षा खूप जास्त पाणी ओढतो. त्याबरोबर मोटरवरचा भार वाढतो. पॅनेलवरचा अँपिअरचा काटा मोटरच्या पाटीवरच्या आकड्यापलीकडं जातो, ओव्हरलोड रिले पुन्हा पुन्हा पडतो. मग ऑपरेटर डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पंप चालवायला शिकतो. काटा खाली येतो खरा, पण अर्ध्या बंद व्हॉल्व्हमध्ये जो दाब मारला जातो त्याचं बिल गाव भरतच असतं. पंपघरात गेल्यावर डिलिव्हरी व्हॉल्व्ह कायमचा अर्धा बंद दिसला, तर पंप चुकीचा आहे एवढं नक्की समजावं.

वितरणातला दोष शोधायला तर त्याहूनही कमी सामान लागतं. दाबाचा एक साधा गेज, नळाला बसेल असा जोड लावून. सकाळी सातला, सगळे नळ सुरू असताना, शाळेजवळच्या नळावर तो लावायचा. त्या घरानं तेवढ्यापुरतं पाणी घ्यायचं थांबवायचं, म्हणजे रस्त्यातल्या पाइपाचा दाब गेजवर येतो. आराखडा ७.२ मीटर म्हणतो, म्हणजे काटा ०.७ किलोच्या आसपास हवा. तो ०.३ दाखवत असेल तर तिथंच थांबून ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही. गेज घेऊन मागं मागं यायचं. चावडीशी अपेक्षेप्रमाणं १.१ किलो असेल आणि शाळेशी अचानक पडला असेल, तर दोष त्या सहाशे मीटरमध्ये आहे. एखादा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसतो. त्याच्या अलीकडं आणि पलीकडं गेज लावला की लगेच कळतं. काही वेळा ११० च्या जागी ९० चा पाइप गाडलेला निघतो. दाब थोडा थोडा करून सगळीकडंच कमी पडत असेल तर दोष पाइपाचा नाही, प्रवाह आराखड्याहून जास्त आहे. एक तर पाणी कमी तास सुटतंय, किंवा गळती पंधरा टक्क्यांच्या पुष्कळ पुढं गेली आहे. यातलं कोणतं हे रात्री कळतं. सगळे झोपल्यावर, रात्री एक ते चार, पंप बंद आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवून टाकीची पातळी खडूनं खूण करून पाहायची. त्या वेळात कुणी पाणी भरत नसतं. तरीही पातळी हातभर उतरली, तर ते पाणी जमिनीत जातंय.

कराडजवळच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी दिलं तेव्हा प्रत्येक घराला मीटर बसवला आणि जास्त वापरणाऱ्याला चढत्या दरानं बिल लावलं. तिथं लोकांनी पाणी भरून ठेवणं सोडलं, कारण नळ सुरू केला की पाणी येतंच. प्रत्येक गावाला उद्या ते जमेल असं नाही. पण आपल्या कल्पनेतल्या गावात सव्वातीन लाख लिटर आणि तेच पाइप असताना दोन तासांचे सकाळ-संध्याकाळ मिळून आठ तास केले, वस्तीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला, आणि शाळेशी गेज लावून पाहिला, तर काटा ०.७ वर यायला हवा. आला नाही, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्याच दोन पानांत लिहिलेलं आहे.